पहाटे साडेपाचचा दर किती?

*मी जुळे सोलापुरात आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. संध्याकाळच्या बॅचला बारा मुलं आहेत, महिन्याला दीड हजार फी. नणंदेच्या ओळखीतून डॅलसची एक मुलगी ऑनलाइन शिकायला लागली, मग लंडनचा एक मुलगा आला आणि आता दुबईचे एक पालक विचारताहेत. मी सगळ्यांना तासाला पाचशे रुपये सांगितले. डॅलसचा तास थंडीत साडेसहाला असायचा, मार्चपासून तो पहाटे साडेपाचला आला. लंडनसाठी रात्री साडेदहाला बसते. पैसे ॲपवरून येतात, त्यातून बरेच कापले जातात आणि किती कापले हेही नीट कळत नाही. लंडनच्या आईने तर एकदा ‘घरखर्चासाठी’ म्हणून पाठवले. मैत्रीण म्हणते, डॉलरमध्ये सांग आणि परदेशी वेळेचा जादा आकार लाव. सगळी आपलीच माणसं आहेत, मागायचा संकोच वाटतो. काय करू?*
*– एक शिक्षिका, सोलापूर*

संकोचाकडे नंतर येऊ. आधी तो पाचशेचा आकडा तपासू, कारण मला तो परदेशी फीचा आकडा वाटतच नाही. एका मुलाकडून महिन्याला दीड हजार येतात, मग तासाला पाचशे म्हणजे बरेच झाले, असा हिशोब त्यामागे असावा. पण तुमच्या तासाची किंमत एका मुलावरून ठरत नाही, बॅचवरून ठरते. बारा मुलांचे महिन्याला अठरा हजार होतात. आठवड्यातले पाच दिवस रोज एक तास धरला तर महिन्याचे साधारण बावीस तास. म्हणजे सोलापुरातला तुमचा एक तास आजच आठशे रुपयांच्या वर जातो. जो तास तुम्ही डॅलसला ‘परदेशी’ म्हणून विकता, तो घरच्या तासापेक्षा तीनशेने स्वस्त आहे, आणि तोही पहाटेचा.

त्यात तयारीचा वेळ धरा. दुबईचा मुलगा सीबीएसईचा असेल तर त्याचं पुस्तक तुम्हाला माहीत आहे, फारशी वेगळी तयारी लागणार नाही. डॅलसच्या मुलीचं तसं नाही. टेक्ससचा अभ्यासक्रम राज्याचा स्वतःचा आहे, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी घेतलेला ‘कॉमन कोअर’ तिथे चालत नाही. इंटरनेटवर सापडलेली कुठलीही अमेरिकन प्रश्नपत्रिका तिला उपयोगी पडेलच असं नाही. लंडनच्या मुलाला तिथल्या जीसीएसई या शालेय परीक्षेच्या पद्धतीने पायऱ्या लिहायला शिकवावं लागतं. अशा दोन मुलांसाठी दर तासामागे अर्धा तास तयारी धरली, तर आठशेचे बाराशे होतात. मी तुमच्या जागी असते तर या दोघांसाठी तासाला १,२५० रुपये हा तळ धरला असता. हातात पडणारे १,२५०, सांगितलेले नव्हेत. आठवड्याला दोन तास, म्हणजे चार आठवड्यांच्या आठ तासांचे १०,००० रुपये.

वरची मर्यादा कुठे, हेही बघायला हवं. डॅलसमध्ये घरी येऊन शिकवणारे किती घेतात ते ऐकून काही जण एकदम चाळीस डॉलर सांगतात आणि मग पालक गप्प का झाले याचा विचार करत बसतात. तुमची तुलना डॅलसच्या शिक्षकाशी होतच नाही. ती होते पुण्याच्या, नागपूरच्या, हैदराबादच्या दुसऱ्या ऑनलाइन शिक्षिकेशी, आणि त्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे दर आधीच फिरत असतात. पंधरा डॉलरच्या आसपासचा तास त्या रांगेत बसतो.

आता वेळ. मैत्रिणीचा सल्ला निम्मा बरोबर आहे. जादा आकार हवा, पण तो देश बघून लावायचा नसतो. अमेरिका लांब म्हणून जास्त आणि दुबई जवळ म्हणून कमी, हे नकाशावर ठीक दिसतं. तुमच्या घड्याळावर चित्र वेगळंच आहे. कॅलिफोर्नियातली संध्याकाळची सहाची वेळ सोलापुरात थंडीत सकाळी साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. चहा झालेला असतो, बॅच नसते, इतकी सोयीची वेळ दुसरी नाही. लंडन त्या मानाने जवळ, पण तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे थंडीत तुमचे रात्रीचे साडेदहा. आणि सगळ्यांत जवळचं दुबई सगळ्यांत महाग पडतं, कारण तिथले पाच म्हणजे तुमचे साडेसहा, ऐन बॅचची वेळ.

दुबईचं थोडं आणखी बोलू, कारण तिथे अजून काही ठरलेलं नाही. आठवड्यातले दोनच दिवस साडेसहाची वेळ त्या मुलाला दिली, तरी त्या वेळेला पाच दिवसांची बॅच बसत नाही. म्हणजे आठ तासांच्या बदल्यात अठरा हजार धोक्यात. तेवढी फी ते पालक देणार नाहीत आणि तुम्ही मागूही नये. उत्तर वेळ बदलण्यात आहे. २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीतही शनिवार-रविवार सुट्टी असते. तिथले सकाळचे दहा म्हणजे तुमचे साडेअकरा. शनिवार-रविवार साडेअकरा द्या, बॅचला धक्का नाही, जादा आकारही नाही, आणि तयारी कमी म्हणून दरही तासाला नऊशेवर आणता येईल.

लंडनलाही हाच मार्ग. शनिवार-रविवारी तिथले सकाळचे दहा म्हणजे थंडीत तुमचे दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी अडीचला बाहेर जाऊन करण्यासारखं तसंही काही नसतं, घरात पंख्याखाली बसून एक तास शिकवता येतो. फक्त वीज जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा राउटरला छोटा इन्व्हर्टर आणि मोबाइलचा डेटा तयार ठेवा. त्या मुलाच्या आईला शनिवारी सकाळी फुटबॉल आड येत असेल, तर रविवारचे दोन तास मध्ये विश्रांती देऊन घ्या. रात्री साडेदहा ही वेळ त्यांना हवीच असेल, तरच तिचा वेगळा दर.

डॅलसचं दुखणं ओळखण्यासारखं आहे. वेळ कुणीही बदलली नाही, तिकडचं घड्याळ बदललं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपलं आहे तिथेच राहतं. तुमचा करार ‘डॅलसचे संध्याकाळचे सात’ असा झाला होता, म्हणून तो तास तुमच्याकडे साडेसहावरून साडेपाचवर सरकला. करार ‘सोलापूरचे सकाळचे साडेसहा’ असा असता, तर तीच मुलगी थंडीत सातला आणि उन्हाळ्यात आठला बसली असती. आठवी-नववीतल्या मुलीला उन्हाळ्यात आठ वाजता बसणं जड नाही, तिकडे तेव्हा उजेडही असतो. तेव्हा पहिलं काम हे करा, तास सोलापूरच्या घड्याळाला बांधा. कॅलेंडरमध्ये नोंद करताना भारतीय वेळेनेच करा आणि आमंत्रण पालकांना पाठवा, त्यांच्याकडे ती नोंद आपोआप सरकते. ब्रिटनचं घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणजे अमेरिकेच्या दोन-तीन आठवडे नंतर आणि पुढे शरदात एक आठवडा आधी. त्या मधल्या आठवड्यांत हमखास गोंधळ होतो, दोघांनाही आदल्या दिवशी निरोप टाका. वाराचंही भान हवं. डॅलसची सोमवार संध्याकाळ म्हणजे तुमची मंगळवार सकाळ.

इतकं केल्यावर जादा आकार लावायला उरतं काय? फक्त हट्टाची वेळ. सकाळी साडेसहाच्या आधी किंवा रात्री दहानंतर कुणाला तास हवाच असेल, तर पंचवीस टक्के जास्त. हे मी सहानुभूती म्हणून सांगत नाही. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि येतं तेव्हा कुणाला विचारून येत नाही. पहाटेच्या तासाला तुम्ही कॅमेऱ्यासमोर असाल तर पाणी भरायला दुसरं कुणी उठवावं लागतं. त्या तासाचा भार फक्त तुमच्या झोपेवर नाही, घरावर पडतो. मात्र त्याला ‘वेळेचा जादा आकार’ म्हणू नका. मूळ फीवर काही चढवलं की पालकांना ते दंडासारखं वाटतं. दोन वेळांचे दोन दर सरळ सांगा, निवड त्यांची. बहुतेक जण स्वस्त वेळ घेतात, आणि तुम्हालाही तेच हवं आहे.

चलनाबद्दल माझं मत मैत्रिणीपेक्षा थोडं वेगळं आहे. डॉलरमध्ये सांगितल्याने आपण मोठे होत नाही. प्रश्न एवढाच असतो, की विनिमय दर हलला तर त्याचा फटका किंवा फायदा कुणाचा? रुपयांत सांगितलं तर तो पालकांचा, डॉलरमध्ये सांगितलं तर तुमचा. २०१५ मध्ये डॉलर साधारण ६४ रुपयांच्या आसपास होता, २०२० मध्ये ७४ च्या, आणि २०२५ च्या अखेरीस ९० च्या घरात गेला. या दहा वर्षांत ज्यांनी फी रुपयांत बांधून ठेवली, त्यांची फी पालकांच्या दृष्टीने आपोआप स्वस्त होत गेली. पाउंड मात्र असा एकाच दिशेने चालत नाही. जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर तो एका दिवसात डॉलरच्या तुलनेत आठेक टक्के घसरला होता. दिरहमचा विचार वेगळा करायची गरज नाही, तो १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. दिरहम म्हणजे वेगळ्या नावाचा डॉलरच.

म्हणून माझा नियम असा, की पैसा ज्या खात्यातून निघतो त्या खात्याच्या चलनात फी सांगा, आणि तुमचा तळ तुमच्या वहीत रुपयांतच ठेवा. वर्षातून दोनदा, जून आणि जानेवारीत, तळाशी ताडून बघा. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर हात लावू नका. दर महिन्याला दर बदलणारी शिक्षिका पालकांना आवडत नाही.

‘ज्या खात्यातून निघतो’ असं मुद्दाम म्हटलं, कारण पालकांना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे: तुमचं भारतात एनआरई किंवा एनआरओ खातं आहे का? परदेशी राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांचं असतं, आईवडिलांचा खर्च, फ्लॅटचा हप्ता त्यातूनच जातो. असेल तर फी रुपयांत सांगा, ते एनईएफटीने किंवा यूपीआयने भरतील. २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, अमिराती यांच्यासह काही देशांतल्या मोबाइल क्रमांकावरही, बँकेने सोय दिली असेल तर, अशा खात्यांना यूपीआय चालतं. यात चलन बदलायची कटकट तुमच्यापर्यंत येतच नाही आणि काही कापलंही जात नाही. ॲप, दर, टक्के हे सगळं डोकं खाण्याआधी एवढं विचारून घ्या. निम्म्या वेळा प्रश्न इथेच सुटतो.

नसेल, तर मग कपातीचं गणित नीट समजून घ्यावं लागेल. कपात दोन ठिकाणी होते आणि बहुतेकांना एकच दिसते. एक म्हणजे शुल्क, जे पावतीवर छापलेलं असतं. दुसरी कपात विनिमय दरात दडलेली असते. बाजारात डॉलर ९० असताना ॲप तुम्हाला ८६ च्या आसपास देतं आणि मधला फरक ‘शुल्क’ म्हणून कुठेही दिसत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. पैसे ज्या दिवशी रुपयांत झाले त्या दिवशीचा बाजारभाव गूगलवर बघा, पाठवलेल्या डॉलरना त्याने गुणा, आणि खात्यात पडलेली रक्कम वजा करा. राहील ती खरी कपात. तुम्ही म्हणता ना, किती कापले कळत नाही, ते असं कळतं.

डॅलसचं उदाहरण पूर्ण करून बघू. समजा ॲपचं शुल्क ४.४ टक्के अधिक दर व्यवहाराला ३० सेंट आहे, आणि दरात ४ टक्के जातात, म्हणजे ९० ऐवजी ८६.४० मिळतात. तुमच्या ॲपचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा. आठ तासांचे १२० डॉलर एकदम आले तर शुल्क जाऊन ११४.४२ उरतात, त्यांचे होतात ९,८८६ रुपये. बाजारभावाने १०,८०० व्हायला हवे होते. साडेआठ टक्के गेले. आणि पालकांनी तेच पैसे दर तासाला पंधरा-पंधरा डॉलर करून पाठवले, तर ३० सेंट आठ वेळा कापले जाऊन हातात ९,७०४ येतात. जवळजवळ एकशे ऐंशी रुपये फक्त तुकडे केल्याबद्दल. म्हणून चार आठवड्यांची फी एकरकमी आणि आगाऊ.

कपात भरून काढताना बरेच जण एक चूक करतात. साडेआठ टक्के जातात म्हणून १०,००० वर साडेआठ टक्के चढवतात आणि १०,८५० सांगतात. पण कपात त्या वाढलेल्या रकमेवर होते, मग हातात ९,९२८ येतात. उलटं यायला हवं. हवे असलेले १०,००० आधी ॲपच्या दराने डॉलरमध्ये बदला, म्हणजे ८६.४० ने भागा, ११५.७४ आले. त्यात ३० सेंट मिळवा, ११६.०४. आणि शंभरातून ४.४ गेल्यावर ९५.६ उरतात म्हणून ०.९५६ ने भागा. येतात १२१.३८. सांगायचा आकडा १२२ डॉलर. कपात या आकड्यात मुरलेली आहे, पालकांना ‘ॲपचे पैसे वेगळे’ अशी ओळ दाखवू नका. पंधरा डॉलर देणाऱ्याला सव्वापंधरा खटकत नाहीत, पण वेगळे लावलेले पाऊण डॉलर खटकतात.

दुसरी वाट म्हणजे वाइजसारख्या सेवेतून पालकांनी त्यांच्याकडून थेट तुमच्या बँक खात्यात रुपये पाठवायचे. तिथे पाठवणाऱ्याला शुल्क, दर आणि पोचणारे रुपये आधीच दिसतात, म्हणून ‘आमच्या खात्यात १०,००० पोचावेत’ एवढंच सांगता येतं. लंडनसाठी मी हीच वाट धरेन. बँकेतून बँकेत स्विफ्टने मात्र एवढ्या लहान रकमा मागवू नका. पाठवणारी बँक घेते, मधली बँक घेते, आपली बँकही घेते, आणि शंभर-सव्वाशे डॉलरचा मोठा घास त्यातच जातो. तीन-चार महिन्यांची फी एकदम असेल तरच त्याचा विचार करावा.

आता त्या ‘घरखर्चासाठी’कडे. हे लगेच थांबवा. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेला रिझर्व्ह बँकेच्या यादीतला एक हेतू-संकेतांक लागतो. कुटुंबाच्या खर्चासाठी आलेल्या पैशाला P1301, शैक्षणिक सेवेच्या फीला P1107. आईने अर्थातच सोपा पर्याय दाबला, तिचा हेतू वाईट नव्हता. पण तुमच्या खात्यात ती रक्कम नातेवाइकाने पाठवलेली मदत म्हणून नोंदली गेली आणि तुमच्या विवरणपत्रात ती शिकवणीचं उत्पन्न म्हणून जाणार. उद्या कुणी विचारलं तर दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत. काही ॲप तर फक्त घरगुती पैशांसाठीच असतात, फी स्वीकारायला नव्हे, तेही पाठवण्याआधी बघायला सांगा. बँकेकडून प्रत्येक रकमेची आवक-सूचना, ज्याला बँकेत ‘एफआयआरए’ म्हणतात, मागून ठेवा. ॲपचं मासिक विवरणही उतरवून ठेवा, कापलेले पैसे खर्चात दाखवायला ते लागतं.

जीएसटीची धास्ती आत्ता नको. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाख आहे, आणि परदेशी सेवा असली तरी ती तुम्हाला लागू आहे. फक्त बॅच आणि ऑनलाइन दोन्हींची बेरीज करून मोजा. त्या आकड्याच्या जवळ जायला लागलात की सीएला भेटा, आणि कोणते पैसे परकीय चलनातून आले, कोणते एनआरओ खात्यातून रुपयांत आले, याची यादी सोबत न्या. निर्यात म्हणून करमुक्त धरायचं की नाही, हे त्या फरकावर अडतं.

राहिला संकोच. ओळखीच्या माणसाला फी वाढवून सांगणं अवघड जातं, कारण आपण ती वाढ म्हणून सांगतो, आणि वाढीला कारण द्यावं लागतं. तुमच्याकडे त्याहून सोपी संधी आहे. वेळ बदलायचीच आहे, तेव्हा नवी वेळ आणि नवी फी एकाच निरोपात जाऊ द्या. चालू चार आठवडे जुन्या दरानेच पूर्ण करा. नणंदेमार्फत निरोप पाठवू नका, तिला मध्ये घेतलं की घासाघीसही तिच्यामार्फतच येईल. मजकूर साधारण असा ठेवा:

‘नमस्कार. पुढच्या सत्रापासून तास भारतीय वेळेनुसार ठेवत आहे. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी ६.३० (तुमच्याकडे सोमवार आणि गुरुवार संध्याकाळी, सध्या ८ वाजता, नोव्हेंबरपासून ७ वाजता). चार आठवड्यांच्या आठ तासांची फी १२२ डॉलर, सत्राच्या आधी. सकाळी ५.३० चीच वेळ हवी असल्यास १५२ डॉलर. भारतात एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर १०,००० रुपये थेट खात्यात जमा केले तरी चालतील. तुम्ही रद्द केलेला तास २४ तास आधी कळवल्यास बदलून मिळेल.’

तिकडून ‘अहो ताई, आपल्यात कसलं’ असा फोन येईल अशी शक्यता धरा. तेव्हा फी कमी करण्याऐवजी तास कमी करा. आठाऐवजी चार तास, ६१ डॉलर. ३० सेंटचा फरक सोडून द्या. मुलीला आठवड्यातून एकदाच पुरतं की नाही, हे महिन्याभरात तिच्या चाचणीवरून त्यांना दिसेल, आणि मग तो निर्णय तुमचा राहणार नाही, त्यांचा असेल.